कॉफीचा फायदा किती? वेळ सांगा!

समजा, एका प्रयोगात चार गट आहेत: सकाळी किंवा दुपारी, कॅफिनची कॉफी किंवा त्याच चवीची कॅफिनविरहित कॉफी. लक्ष मोजणाऱ्या चाचणीत सकाळी कॅफिनविना सरासरी ८० गुण पडले, कॅफिनने ८२. दुपारी ६० आणि ७८. आडव्या अक्षावर वेळ घेऊन दोन रेषा काढल्या, तर सकाळी त्या जवळजवळ टेकलेल्या आणि दुपारी फाकलेल्या दिसतात. कॅफिनचा फायदा सकाळी २ गुणांचा, दुपारी १८ गुणांचा. सरासरी १० म्हणावी, तर ती दोन्ही वेळांना खोटी पडते. फायद्यातला हा १६ गुणांचा फरक म्हणजे आंतरक्रिया. ती नसती तर रेषा समांतर धावल्या असत्या. मात्र थोडा तिरकेपणा योगायोगानेही येतो. म्हणून प्रत्येक गटातले गुण किती विखुरले आहेत, हे पाहूनच निष्कर्ष काढावा.