सरकती खिडकी आणि एकच आकडा

मजकूर `bacdcab`, नमुना `abc`. नमुन्याचे अ‍ॅनाग्राम कुठे कुठे सुरू होतात? प्रत्येक तुकड्याची अक्षरं क्रमाने लावून तपासायची गरज नाही. तीन अक्षरांची खिडकी घ्या, तिच्यातल्या प्रत्येक अक्षराच्या संख्येची नोंद ठेवा आणि नमुन्याशी किती अक्षरांची संख्या जुळत नाही, एवढा एकच आकडा सांभाळा.

पहिली खिडकी `bac`. आकडा 0, म्हणून स्थान 0 उत्तरात. एक घर सरकलं की `b` बाहेर, `d` आत. `b` कमी पडलं, `d` जास्त झालं, आकडा 2. मला सगळ्यात आवडतं ते हेच: नमुना हजार अक्षरांचा असला तरी दर पावलाला फार तर दोनच नोंदी बदलतात. शेवटच्या `cab` ला आकडा पुन्हा 0, स्थान 4.

नोंदींसाठी सेट मात्र नको. `aab` आणि `abb` त्याला सारखेच दिसतात.