वेळ घेतली, पण आलेच नाहीत

लंडनमधल्या बार्ट्‌स हेल्थ या सरकारी रुग्णालय-समूहाने २०१३ च्या अखेरीस एक प्रयोग केला. बाह्यरुग्ण विभागातल्या तारखेची आठवण करून देणारा एसएमएस तिथे आधीपासूनच जात असे, तरीही शंभरातले अकरा रुग्ण न कळवता गैरहजर राहत. प्रयोगात डॉक्टर, वेळा, रांगा असं काहीच बदललं नाही. बदलला तो फक्त एसएमएसचा मजकूर.

जुन्या एसएमएसमध्ये ‘रद्द करायचं असल्यास पत्रावरच्या नंबरवर फोन करा’ असं असायचं. म्हणजे आधी ते पत्र शोधा! नव्या मजकुरात फोन नंबर तिथेच दिला, आणि न आल्यास आरोग्यसेवेला अंदाजे १६० पौंडांचा फटका बसतो, हेही सांगितलं. गैरहजेरी ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आली. पुढच्या फेरीत, रक्कम न सांगता नुसतं ‘पैसे वाया जातात’ म्हणून पाहिलं, तेव्हा परिणाम कमी दिसला. माणसाला मोघम उपदेशापेक्षा नेमका आकडा लागतो.

आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांचे आणि पार्लरांचे मेसेज मात्र अजून त्या जुन्या लंडनी मेसेजसारखेच आहेत. ‘उद्या आपली अपॉइंटमेंट आहे, वेळेवर यावे.’ ज्याला यायचं नाही त्याने काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही. शिवाय न येणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असं नाही. एखादा विसरतो, एखादीला रद्द करायचा फोन करणं अवघड वाटतं, तर कुणी तीनदा फोन लावतो आणि रिसेप्शनवर कुणी उचलतच नाही.

समजा, डोंबिवलीतलं तीन खुर्च्यांचं सलून आहे. शनिवारी चार ते सात केराटिनसाठी एक खुर्ची राखून ठेवली, बिल पाच हजारांचं. मेसेज फक्त त्याच दिवशी सकाळी गेला आणि बाईंनी ‘जमत नाही’ कळवलं, तर तीन तासांचं दुसरं काम इतक्या ऐनवेळी मिळणार कुठून? म्हणून पहिला मेसेज तीन दिवस आधी हवा. त्यात दिवस, वेळ, किती तास लागतील, आणि ‘येणार / वेळ बदला / रद्द’ असं एका शब्दात उत्तर देण्याची सोय हवी. दुसरा मेसेज आदल्या दिवशी दुपारी. वहीत एक पान ‘मधली वेळ मिळाली तर चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी ठेवायचं, कारण रद्द झालेली वेळ भरून काढणारं कुणी नसेल तर लवकर कळूनही उपयोग नाही.

हे करूनही लांबलचक कामांच्या वेळा फुकट जात असतील, तर ॲडव्हान्सचा विचार करावा. इथे इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अनुभव डोळे उघडणारा आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहा शेकेलचा दंड लावला, आणि उशीर करणारे वाढले! पूर्वी ओशाळवाणं वाटायचं. आता उशिराची किंमत मोजून पालक मोकळे होऊ लागले. दंड रद्द केल्यावरही उशीर कमी झाला नाही.

पाच हजारांच्या कामाला पन्नास रुपये ॲडव्हान्स घेतला तर असंच व्हायचं. पाचशे ते हजार यूपीआयने घ्यावेत, बिलातून वळते करावेत, आणि चोवीस तास आधी कळवल्यास पूर्ण परत द्यावेत. हा नियम पैसे घेण्याआधी लेखी पाठवावा, नाहीतर काउंटरवर भांडण ठरलेलं. भुवया कोरायला आलेल्या मुलीकडे मात्र ॲडव्हान्स मागू नये. दवाखान्यातही तो रूट कॅनॉलसारख्या ठरलेल्या लांब कामापुरताच बरा. तापाने फणफणलेल्या माणसाला पैशांसाठी दारात अडवणं हा नियम नव्हे, आडमुठेपणा आहे.

उरतो तारखेचा प्रश्न. आज घेतलेली वेळ दीड महिन्यानंतरची असेल तर तोवर दुखणं थांबतं, गाव बदलतं, किंवा दुसरा डॉक्टर सापडतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनेन्टे या संस्थेत डॉ. मार्क मरे यांनी १९९० च्या दशकात दिवसातल्या बऱ्याच वेळा त्याच दिवशी फोन करणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवायला सुरुवात केली. पंचावन्न दिवसांची प्रतीक्षा एका दिवसावर आली. अर्थात आधी साचलेले रुग्ण जादा काम करून निपटावे लागतात. रोजची मागणीच डॉक्टरांच्या क्षमतेपेक्षा जास्त असेल तर ही पद्धत कोसळते. एकाच वेळेला दोघांना बोलावणं हा त्यावरचा सोपा वाटणारा तोडगा, पण दोघेही आले की खोळंबा येणाऱ्यांच्याच वाट्याला.

कुठलाही बदल करण्याआधी महिनाभर वहीत एवढंच लिहावं: कोण आलं नाही, वेळ किती दिवस आधी घेतली होती, आणि काम किती तासांचं होतं. आणि ॲडव्हान्सची पाटी लावण्यापूर्वी मालकांनी स्वतःच्याच मेसेजमधला नंबर गर्दीच्या वेळी लावून पाहावा. पलीकडून फोन उचलला जात नसेल, तर ग्राहकाकडे पैसे मागण्याची वेळ अजून आलेली नाही.