साखळी माहीत, तुटलेला दुवा नाही

संगणकाला एखादा प्रश्न सोडवायला किती वेळ आणि किती जागा लागते, यावरून प्रश्नांचे वर्ग पाडतात. लहानाकडून मोठ्याकडे त्यांची साखळी अशी: एल, एनएल, पी, एनपी, पीस्पेस, एक्सपटाइम. प्रत्येक वर्ग पुढच्यात सामावतो, हे सिद्ध आहे. पुढचा खरोखरच मोठा आहे का, हे मात्र शेजारच्या एकाही जोडीबाबत सिद्ध झालेले नाही.

दूरच्या जोड्यांची गोष्ट वेगळी. 1965 मध्ये हार्टमॅनिस आणि स्टर्न्स यांनी दाखवले, की पुरेसा जादा वेळ दिला तर नवे प्रश्न सुटतात. त्यामागची युक्ती फार देखणी आहे. असा प्रोग्रॅम लिहायचा, की जो दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला त्याचीच संहिता देऊन घातांकी वेळापर्यंत चालवतो आणि मिळालेल्या उत्तराच्या उलट उत्तर देतो. हेच काम करणारा एखादा झटपट, म्हणजे पी वर्गातला, प्रोग्रॅम असता, तर स्वतःच्या संहितेवर त्याला स्वतःच्याच विरुद्ध उत्तर द्यावे लागले असते. ते अशक्य. म्हणून पी आणि एक्सपटाइम निश्चित वेगळे.

जागेबाबतही हाच युक्तिवाद चालतो. त्याला सॅविचच्या 1970 च्या प्रमेयाची जोड दिली, की एनएल आणि पीस्पेस वेगळे ठरतात.

याचे ठोस उदाहरण बुद्धिबळाचे. फ्रँकेल आणि लिख्टेनस्टाइन यांनी 1981 मध्ये दाखवले, की कितीही मोठ्या पटावर, पन्नास चालींचा नियम वगळून, कोण जिंकेल हे ठरवणे एक्सपटाइममधल्या सर्वांत अवघड प्रश्नांइतके कठीण आहे. त्यासाठी झटपट पद्धत असूच शकत नाही.

पीपासून एक्सपटाइमपर्यंत तीन दुवे आहेत. त्यांपैकी किमान एका ठिकाणी खरी वाढ आहेच. कोणत्या, ते अजून कोणालाही सांगता आलेले नाही.