आजी दारातून का परतल्या?

आमच्या शेजारच्या बाई सातवीला मराठी शिकवतात. गेल्या पावसाळ्यात त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. माझ्या मुलांसाठी एक उतारा आणि त्याखाली पाच-सहा प्रश्न लिहून द्या ना." अर्ध्या तासाचे काम, असे समजून मी बसलो. त्याला तीन आठवडे लागले.

बँकेतल्या नोकरीत काउंटरपलीकडे पाहिलेली माणसे आठवून मी हा उतारा लिहिला :

'सखूआजी दर महिन्याच्या सात तारखेला बँकेत येत. पासबुक पुढे करून विचारत, "बाळा, माझ्या मुलाचे पैसे आले का?" याही वेळी त्यांनी विचारले. कारकुनाने पासबुक पाहिले. शेवटची रक्कम दिवाळीत जमा झाली होती आणि आंब्यांना तर मोहर आला होता. "आलेत, आजी," असे म्हणून त्याने खिशातल्या पाकिटातून पाचशेची नोट काढून दिली. आजी दारापर्यंत गेल्या आणि परतल्या. पासबुक उघडून म्हणाल्या, "कुठल्या ओळीत आहेत रे? बोट ठेव." कारकून खाली पाहू लागला. बिचाऱ्या आजींना मुलगा विसरला होता.'

बाईंनी पहिल्यांदा शेवटचे वाक्य खोडले. "मुलाने पैसे पाठवले होते का, हे मुलांनी ताडायचे आहे. तुम्हीच सांगून टाकलेत, तर त्यांना काम काय उरले?" मग त्यांचे बोट मोहरावर थांबले. "शहरातल्या मुलाला मोहर कधी येतो, हे कुठून ठाऊक? त्याचे उत्तर चुकले, तर त्याला वाचता येत नाही म्हणायचे की झाड ठाऊक नाही?" अनुमानाच्या प्रश्नात निम्मा आधार उताऱ्यात असतो आणि निम्मा वाचणाऱ्याच्या डोक्यात. डोक्यातला हा आधार वर्गातल्या प्रत्येक मुलाजवळ असायला हवा. म्हणून मोहर जाऊन तिथे 'आता होळी जवळ आली होती' असे आले.

प्रश्नांची पाळी आली. सरळ माहितीचा प्रश्न सर्वांत सोपा, असे मला वाटत होते. 'सखूआजी कोणत्या तारखेला बँकेत येत?' बाईंनी कागदावर लिहिले, 'काल गमट्याने लुटपीत झिरकुल ठेवले,' आणि विचारले, "गमट्याने झिरकुल कुठे ठेवले?" मी म्हणालो, "लुटपीत." म्हणाल्या, "पाहा, काहीही न समजता उत्तर बरोबर!" म्हणून शब्द बदलून विचारायचे : 'आजींच्या खात्यात शेवटचे पैसे कोणत्या सणाला आले?' असे दोन प्रश्न सुरुवातीला हवेतच. तेच चुकले, तर मुलाची अडचण वाचण्यातली आहे, आणि ते बरोबर येऊन पुढचे चुकले, तर धागे जोडण्यातली.

अनुमानाचे प्रश्न दोन ठेवले. 'मुलाने या महिन्यात पैसे पाठवले होते का? कशावरून?' आणि 'आजी दारातून का परतल्या?' पहिल्या प्रश्नातला 'कशावरून' काढला, तर निम्मी मुले नुसत्या अंदाजाने पार होतात.

शेवटचा प्रश्न मत मागणारा. मी लिहिले होते, 'वृद्धांची काळजी का घ्यावी?' बाईंनी उताऱ्यावर हात ठेवला. "आता द्या उत्तर." मी चार वाक्ये बोललो. "उतारा न वाचता आलेच की! मग तो छापायचा कशाला?" प्रश्न बदलला : 'कारकून खोटे बोलला, हे योग्य की अयोग्य? उताऱ्यातील आधार देऊन लिहा.' तीन गुण ठरले. होय किंवा नाही याला एकही नाही. एक कारणाला, एक उताऱ्यातल्या आधाराला आणि एक दुसऱ्या बाजूचा विचार केल्याबद्दल.

उत्तरसूची मीच केली. आजी का परतल्या? 'आजींना लिहिता-वाचता येत नव्हते. नोंद कुठे आहे, हे त्यांना समजून घ्यायचे होते.' माझ्या मनातल्या आजी भोळ्या होत्या.

पेपर झाल्यावर बाईंनी एका मुलीचे उत्तर आणून दाखवले. तिने लिहिले होते, 'आजींना कळले होते. नोट पाकिटातून निघाली, ती त्यांनी पाहिली. वाचता येत नसले तरी दिसत होतेच. त्यांना खरे ऐकायचे होते, म्हणून त्या परतल्या.'

"सूचीप्रमाणे हे चूक," बाई म्हणाल्या. "काय करू?"

मी उतारा पुन्हा वाचला. पाकीट होते, नोट होती, बोट ठेव म्हणणे होते. तिचा एकही आधार बाहेरचा नव्हता. आजींना वाचता येत नव्हते, हे मात्र मी उताऱ्यात कुठेच स्पष्ट लिहिले नव्हते. ते माझ्या मनात होते. बँकेत वर्षानुवर्षे अंगठा उठवणाऱ्यांना मी ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी सूचीत उतरवली होती.

मी सूचीतले ते वाक्य खोडले आणि लिहिले, 'उताऱ्यातील आधार दिलेले कोणतेही सुसंगत उत्तर ग्राह्य.' मुलीला पूर्ण गुण मिळाले.