बोरमाळेची लगड

मावशीने बोरमाळ मोडायला काढली तेव्हा तिचा हिशेब घरीच पक्का झाला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माळ ३१.४ ग्रॅम भरली. आजीच्या तोंडून ‘बावीस कॅरेटची आहे’ हे तिने आयुष्यभर ऐकलेले. भाव रोज हलतो, म्हणून इथे आकडेमोडीसाठी शुद्ध, म्हणजे चोवीस कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. बावीस कॅरेटमध्ये शंभर भागांत ९१.६ भाग सोने असते, म्हणून त्याचा भाव ९,१६० रुपये. मावशीचे उत्तर आले २,८७,६२४ रुपये. पहिल्या सराफाने कागदावर लिहिले १,८५,६६९.

या दोन आकड्यांत लाखाचा फरक आहे. त्यातला बराचसा खरा होता, थोडा नव्हता. कोणता कुठला, हे कळायला बोरमाळ बनते कशी ते पाहावे लागते.

बोराएवढा एकेक मणी पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून केलेला असतो आणि आतून पोकळ असतो. तो दाबला जाऊ नये म्हणून जुने कारागीर आत लाख भरत. वर रेशमाचा गोफ. म्हणजे काट्यावर सोने, लाख, रेशीम आणि पन्नास वर्षांचा साबण-घाम असे सगळे एकत्र चढते. गोफ काढल्यावर मणी भरले ३०.१५० ग्रॅम. लाख मात्र मणी फोडल्याशिवाय किंवा आटवल्याशिवाय निघत नाही.

दुसरी गोष्ट सांध्यांची. दोन वाट्या जोडायला जी झाळ वापरतात ती मण्याच्या पत्र्याआधी वितळावी लागते, नाहीतर मणीच वितळून जाईल. म्हणून तिच्यात चांदी, तांबे, जस्त जास्त घालतात आणि सोने कमी. पत्रा खरोखर बावीस कॅरेटचा असला तरी सांध्यांसकट सगळा दागिना एकत्र आटवला की कस खाली येतो. आजीचे म्हणणे खोटे नव्हते, ती पत्र्याबद्दल बोलत होती. घट्ट घडणीच्या पाटलीत सांधे कमी, म्हणून तिचा कस फारसा उतरत नाही. बोरमाळ, ठुशी, पोकळ तोडे यांत तो हमखास उतरतो.

दुकानात आधी कॅरेटमीटर लावला. या यंत्रातले क्ष-किरण धातूच्या अगदी वरच्या थरापुरते वाचतात, तेही केसाच्या जाडीहून कमी खोलीपर्यंत. एका मण्याच्या पोटावर त्याने ९० दाखवले आणि सांध्यापाशी ७८. दोन्ही आकडे बरोबर, पण माळेचा कस त्यातला कोणताच नव्हे. अशा दागिन्याचा कस सांगायचा तर तो आटवून एकजीव करावा लागतो.

इथे सराफ म्हणाले, “ताई, आटवल्याशिवाय मी भाव सांगू शकत नाही.” ते खरेच होते. पण आटवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्यायच्या असतात, कारण लगड झाल्यावर माळ परत मिळत नाही आणि गिऱ्हाइकाची बाजू लंगडी पडते. आजचा कोणता भाव लावणार, त्यातून किती टक्के कापणार आणि व्यवहार पटला नाही तर लगड आम्ही घरी नेऊ शकतो का? मावशीने तिसरा प्रश्न विचारला, हे पुढे कामाला आले.

मूस आधी रिकामी आहे ना, हे वाकून पाहायला लाजू नये. मणी त्यात टाकले, टांकणखार टाकला आणि ज्योत लावली. लाखेचा काळा धूर उठला, मग मळ वर आला. टांकणखाराच्या काचेसारख्या मळीत सोन्याचे बारीक थेंब अडकू शकतात. म्हणून लगड ओतल्यावर ती मळी फोडून पाहायची असते आणि थेंब निघाले तर तेही लगडीबरोबर तोलायचे असतात. लगड भरली २४.८०० ग्रॅम.

साडेपाच ग्रॅमच्या आसपास वजन गेले, पण त्यात सोने जवळजवळ नव्हते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि उकळायला त्याला २८०० अंशांच्याही वर जावे लागते. सराफाच्या ज्योतीत ते उडून जात नाही. जळते ती लाख, जातो तो मळ आणि थोडे जस्त वगैरे हलके धातू. हलका धातू गेला की उरलेल्या लगडीत सोन्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. मुशीला चिकटते ते अगदी थोडे.

लगडीच्या दोन्ही टोकांना कॅरेटमीटर लावला, दोन्हीकडे ८३.४ आले. शंका असेल तर हॉलमार्क केंद्रात लगडीचा तुकडा तपासून घेता येतो. तिथल्या अग्निपरीक्षेत तुकड्यातले इतर धातू शिसे आणि आम्ल वापरून काढून टाकतात आणि उरलेले शुद्ध सोने तोलतात. तो आकडा यंत्रापेक्षा भरवशाचा.

आता हिशेब एका ओळीचा आहे. २४.८ ग्रॅमला ०.८३४ ने गुणले की २०.६८३ ग्रॅम शुद्ध सोने. त्याला शुद्ध सोन्याचा भाव लावला की २,०६,८३२ रुपये. मग सराफांचे १,८५,६६९ आले कुठून?

त्यांनी लगडीतून आधी दोन टक्के ‘आटणीची घट’ काढली. पण घट तर मुशीतच झाली होती! लगड काट्यावर ठेवली तेव्हाच ती वजा होऊन बसलेली होती. न आटवता, अंदाजाने दागिना घेतला तर घटीचे टक्के कापणे समजण्यासारखे आहे, आटवलेल्या लगडीतून कापणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. यात ४,१३७ रुपये गेले.

दुसरी चूक मोठी आणि ओळखायला अवघड. त्यांनी ८३.४ टक्क्यांनी शुद्ध सोने काढले आणि त्याला बावीस कॅरेटचा ९,१६० चा भाव लावला. बावीसच्या भावात अशुद्धता आधीच धरलेली असते. शुद्ध सोने काढले असेल तर भावही शुद्धाचाच हवा. बावीसचाच भाव लावायचा हट्ट असेल तर शुद्ध वजनाला आधी ०.९१६ ने भागायचे, मग २२.५८ ग्रॅम येतात आणि रक्कम पुन्हा तीच, २,०६,८३२. हा कप्पा होता १७,०२६ रुपयांचा. सराफांचा हेतू काय होता ते मला माहीत नाही. कदाचित वडिलांच्या काळापासून ते असेच लिहीत असतील.

मावशीने लगड रुमालात बांधली आणि उठली.

दुसऱ्या दुकानात पुन्हा तोलले, पुन्हा ८३.४. तिथल्या काकांनी सरळ सांगितले, “भावातून तीन टक्के घेतो. शुद्धीकरणाचा खर्च आणि माझा नफा त्यातच. मोडीवर नवा दागिना घेतलात तर तेही कापत नाही.” हे कापणे मला रास्त वाटले. लगड रिफायनरीला पाठवून शुद्ध करायला खर्च येतो, भाव मधल्या दिवसांत पडूही शकतो. महत्त्वाचे हे की तो आकडा घट किंवा कस या नावाखाली लपलेला नव्हता. नव्या दागिन्याचा मोह मात्र मावशीने टाळला, कारण त्यावर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी पुन्हा भरावे लागले असते आणि तिला पैसे छपरासाठी हवे होते.

दहा हजारांच्या वरची खरेदी सराफ सहसा रोखीने करत नाहीत, कारण रोखीचा तेवढा खर्च प्राप्तिकरात त्यांना मान्य होत नाही. आधारची प्रत घेतली आणि धनादेश लिहिला. २,०६,८३२ मधून तीन टक्के वजा, २,००,६२७ रुपये.

घरी आल्यावर मावशीने मूळचा गोफ काढून पाहिला. सव्वा ग्रॅमचा तो रेशमी गोफ सराफाने आठवणीने परत दिला होता.