१८५ किलोवॅटच्या रेघेवरची गाडी

बीएमडब्ल्यूची २०१६ सालची ३३०आय ही गाडी घ्या. युरोपातल्या माहितीपत्रकात तिची ताकद २५२ पीएस आहे. अमेरिकेत याच गाडीपुढे २४८ हॉर्सपॉवर असे छापलेले असते. इटलीत मात्र तिच्या नोंदणीपुस्तिकेत P.2 या रकान्यात १८५ हा आकडा दिसतो. इंजिन एकच, आकडे तीन.

इटलीतल्या मालकाच्या दृष्टीने यातला तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. २०१२ पासून तिथे १८५ किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक किलोवॅटमागे वर्षाला २० युरो जादा वाहनकर लागू झाला. लोक त्याला ‘सुपरबोल्लो’ म्हणतात. गाडी पाच वर्षांची झाली की तो टप्प्याटप्प्याने कमी होतो आणि वीस वर्षांनी थांबतो. म्हणजे १८५ वर जादा कर शून्य, आणि १८८ वर नव्या गाडीला वर्षाचे ६० युरो.

आता समजा, पुण्यात इंजिनिअरिंग शिकून मिलानला नोकरीला गेलेला एखादा तरुण अशी जुनी गाडी बघतो आहे. जाहिरातीत २५२ लिहिलेले आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, हे त्याला शाळेपासून पाठ आहे. तो २५२ ला ०.७४६ ने गुणतो आणि उत्तर येते जवळपास १८८. गाडी कराच्या कक्षेत गेली, असे समजून तो कदाचित सौदा सोडूनही देईल. गुणाकार त्याने बरोबर केला, पण घोडा चुकीचा घेतला.

७४६ वॅटचा घोडा इंग्रजी. जेम्स वॅटने तो फूट आणि पौंडांत मोजला होता. युरोप खंडातल्या देशांनी आपली व्याख्या किलो आणि मीटरमध्ये केली : ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. ७५ ला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८०६६५ ने गुणले की ७३५.५ वॅट मिळतात. जर्मन लोक तिला ‘पीएस’ म्हणतात, इटालियन ‘सीव्ही’. दोन घोड्यांतला फरक जेमतेम दीड टक्क्याचा. लहान गाडीत तो एका किलोवॅटच्या आसपास राहतो, मात्र अडीचशेच्या घरात तो अडीच किलोवॅटपर्यंत जातो. अमेरिकेतला २४८ हा आकडा याच फरकातून आलेला आहे.

तरुणाने योग्य घोडा घेऊन पुन्हा हिशेब केला, तर २५२ गुणिले ०.७३५५ म्हणजे १८५.३५. हा आकडाही रेघेच्या किंचित वरच आहे. मग कर भरायचा का?

नाही, आणि इथेच या रूपांतराची खरी खोच आहे. युरोपात कंपनी ताकद किलोवॅटमध्ये जाहीर करते, आणि जाहिरातीतला पीएस त्यावरून काढून पूर्णांकात बसवलेला असतो. १८५ किलोवॅटला ०.७३५५ ने भागले की २५१.५३ येतात, त्याचे झाले २५२. वरचे ०.३५ हे इंजिनातून आलेलेच नाहीत, ते पूर्णांक करताना चिकटले आहेत. म्हणून पीएसवरून केलेला हिशेब फक्त अंदाजाला घ्यावा, आणि रेघेजवळच्या गाडीसाठी तर मुळीच नाही. तिथे थेट P.2 वाचावा. हा रकाना युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने ठरवून दिला आहे, त्यामुळे जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन कागदावर तो एकाच नावाने सापडतो.

पूर्णांकाचा हा खेळ शंभरावर तर फार स्पष्ट दिसतो. ७३ किलोवॅट म्हणजे ९९.२५ पीएस आणि ७४ म्हणजे १००.६१. एकाचे ९९ होतात, दुसऱ्याचे १०१. पूर्ण किलोवॅटमधून नेमके १०० पीएस कधीच निघत नाहीत, कारण किलोवॅटची एक पायरी पीएसच्या १.३६ पायऱ्यांएवढी असते आणि अधूनमधून एक पीएस वगळला जातो. फोर्ड फिएस्टाच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनाची जाहिरात १०० पीएसची, कागदावर मात्र ७४ किलोवॅट. उलटा हिशेब करून १०१ आला, म्हणून कागद खोटा ठरत नाही.

जुन्या गाड्यांत दिशा उलटी होते. जर्मनीत १९७८ पासून किलोवॅट हेच कायदेशीर एकक आहे. त्याआधीच्या ३४ पीएसच्या फोक्सवॅगन बीटलचा मूळ आकडा खरोखरच पीएसमध्ये होता. तिथे गुणाकार करून २५ किलोवॅट लिहिणे योग्यच, आणि २५ वरून परत ३४ मिळतातही.

आणखी एका आकड्याने नवख्याची फसगत होते. फ्रेंच नोंदणीपत्रावर P.6 या रकान्यातही ‘घोडे’ असतात, पण ते करासाठी ठरवलेले प्रशासकीय घोडे. त्यांना ०.७३५५ ने गुणून काहीच हाती लागत नाही. पाच-सहा घोड्यांची मोटार चार किलोवॅटची निघाली, तर नजर चुकून P.6 वर गेली आहे असे समजावे आणि P.2 शोधावा.