चार्जिंग ८० टक्क्यांवर का थांबवावं?

मे महिन्यात विदर्भात रात्री अकरा वाजताही घरातल्या भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी फोन चार्जिंगला लावून उशीशेजारी गादीवर ठेवला, तर दीड-दोन तासांत तो पूर्ण चार्ज होतो आणि सकाळी सहापर्यंत तसाच भरलेला, कोंडलेल्या उष्णतेत पडून राहतो. बॅटरीचं खरं नुकसान या उरलेल्या पाच-साडेपाच तासांत होतं.

चार्ज होताना फोन थोडा गरम होणं साहजिक आहे. बॅटरीत वीज शिरताना तिला आतून अडथळा होतो आणि त्या अडथळ्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. वेगवान चार्जरने ती वाढते, वायरलेस चार्जिंगमध्ये आणखी वाढते. फोन कोमट लागला तर काळजी नको. हातात धरवत नसेल, तर मात्र लगेच चार्जिंग थांबवावं.

लिथियम-आयन बॅटरी भरत जाते तसा तिचा व्होल्टेज चढतो. चढलेल्या व्होल्टेजला आतलं रसायन हळूहळू विघटित होतं आणि उष्णतेमुळे तो वेग वाढतो. बॅटरी नुसती ठेवून घेतलेली मोजमापं हेच दाखवतात. ४० अंश सेल्सिअसला वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता सुमारे ६५ टक्के उरते. त्याच तापमानात ४० टक्के भरून ठेवलेलीची सुमारे ८५ टक्के.

म्हणूनच फोनमध्ये चार्जिंगवर मर्यादा घालायची सोय आली. आयफोन १५ आणि त्यापुढच्या फोनमध्ये Settings मध्ये Battery उघडून ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते. सॅमसंगमध्ये Battery protection हा पर्याय बघा. इतर अँड्रॉइड फोनमध्ये नावं वेगळी असतात, पण शोधायचं ते बॅटरीच्या सेटिंगमध्येच.

मर्यादा लावल्यावर रोज पाचवा हिस्सा चार्ज कमी मिळतो. दिवसभर बाहेर फिरणाऱ्याला तो पुरणार नसेल, तर प्रवासाच्या दिवशी ती खुशाल काढावी. मधूनअधून फोन १०० टक्क्यांपर्यंत गेला तर बिघडत नाही. उलट टक्केवारीचा अंदाज त्यामुळे अचूक राहतो.

मात्र ही मर्यादा फोन भरून पडून राहणं टाळते, चार्ज होतानाची उष्णता कमी करत नाही. त्यासाठी फोन गादीवर न ठेवता टेबलावर किंवा फरशीवर ठेवावा, जाड कव्हर काढावं आणि चार्जिंग चालू असताना गेम खेळू नये. उन्हात दुचाकीच्या हँडलला लावलेला फोन नकाशा चालू ठेवून चार्ज करणं तर सर्वांत वाईट.

स्क्रीन कडेने उचलली गेली किंवा मागचं झाकण फुगलं, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. मग सेटिंग बदलून उपयोग नाही. चार्जर काढा, फोन दाबू नका आणि बॅटरी दुरुस्ती केंद्रातूनच बदलून घ्या.